अकाउंटंटला जीएसटीचे काम द्यायचे, पण पासवर्ड द्यायचा नाही: हे कसे करावे?

प्रश्न: म्हापशाला माझे काजूगर आणि मसाल्यांचे होलसेल दुकान आहे. माल सावंतवाडी आणि बेळगावलाही जातो. आधीचे अकाउंटंट सोडून गेले, त्यांच्याकडे जीएसटीचा पासवर्ड होता. नवीन अकाउंटंटही पहिल्याच दिवशी पासवर्ड मागतायत. दुकानातला मुलगा ई-वे बिल काढतो, त्यालाही तोच दिलाय. पासवर्ड न देता, लागेल तेवढेच काम त्यांना करता येईल, अशी काही सोय आहे का?

उत्तर:

सोय आहे. पण ती वापरण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तिथेच बहुतेकांचे चुकलेले असते. तुमच्या जीएसटी खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे?

मी फोंड्याला बरीच वर्षे हेच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांपैकी अनेकांच्या खात्याला जुन्या अकाउंटंटचा मोबाइल जोडलेला निघतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सगळी घाई होती. अकाउंटंटने नोंदणीचा अर्ज भरला, ओटीपीसाठी मालकाला सारखे फोन नकोत म्हणून स्वतःचाच नंबर टाकला, आणि तो तसाच राहिला. अशा खात्याचा पासवर्ड तुम्ही दहा वेळा बदललात तरी उपयोग नाही. लॉगिन पानावर `Forgot Password` दाबले की ओटीपी खात्याला जोडलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर जातो. म्हणजे ज्याचा नंबर, त्याचे खाते. रिटर्न ईव्हीसीने भरताना येणारा ओटीपी त्याच नंबरवर, रिटर्न भरल्याचा एसएमएस त्याच नंबरवर, नोटीस आल्याची सूचनाही त्याच नंबरवर.

म्हणून कामाची सुरुवात इथून. पासवर्ड आज तुम्हाला माहीत आहे, तेव्हा लॉगिन करा आणि `Services > Registration > Amendment of Registration Non-Core Fields` मध्ये जा. तिथे `Authorized Signatory` या टॅबमध्ये तुमचे नाव असेल. ते उघडून मोबाइल आणि ईमेल स्वतःचा टाका. नव्या नंबरवर आणि नव्या ईमेलवर आलेले ओटीपी भरा आणि शेवटी `Verification` टॅबमधून अर्ज सादर करा. हा नॉन-कोअर बदल आहे, म्हणजे अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्याच टॅबमध्ये जुन्या अकाउंटंटचे नाव सही करणारा म्हणून दिसले, तर तेही काढून टाका. तुमचा नंबर लागल्यावरच पासवर्ड बदला. उलट क्रमाने केलेत तर नवा पासवर्ड फार टिकणार नाही.

ज्यांच्याकडे आज पासवर्डही नाही आणि नंबरही दुसऱ्याचा आहे, त्यांनी घाबरू नये. मोरजीच्या एका गेस्ट हाउसवाल्या बाई माझ्याकडे आल्या त्या नेमक्या याच अवस्थेत. त्यांचे काम पाहणारा माणूस गोवा सोडून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. त्यांची दोन तिमाहींची जीएसटीआर-३बी भरलीच गेली नव्हती. त्याबद्दलची नोटीस पोर्टलवर आणि त्याच्या ईमेलवर जात राहिली, बाईंना तिचा पत्ताच नव्हता. पोर्टलवर ठेवलेली किंवा नोंदवलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरली जाते, त्यामुळे 'मला मिळालीच नाही' म्हणून सुटका होत नाही. विक्री असलेल्या रिटर्नला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, त्यावर कराच्या रकमेला १८ टक्के व्याज. हे सगळे त्यांच्या नावावर साचत होते.

आम्ही काय केले ते सांगतो. पोर्टलवर लॉगिन न करताच `Search Taxpayer` मध्ये जीएसटी नंबर टाकला की खाते राज्याच्या अखत्यारीत आहे की केंद्राच्या आणि कुठल्या कार्यालयाकडे आहे ते दिसते. त्या कार्यालयात बाई स्वतः गेल्या. ओळखपत्र, धंद्याची कागदपत्रे आणि मोबाइल-ईमेल बदलण्याचा लेखी अर्ज सोबत होता. अधिकाऱ्याने कागद तपासले आणि त्यांच्या लॉगिनमधून नवा ईमेल आणि मोबाइल लावून दिला. नव्या ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड आला. लॉगिन पानावरच्या `First time login` या दुव्यातून तो टाकला की पोर्टल नवे युजरनेम आणि नवा पासवर्ड ठेवायला लावते. यात अकाउंटंटची परवानगी लागत नाही, कुणाच्या पाया पडावे लागत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जीएसटी पोर्टलवर एका जीएसटी नंबरला एकच मुख्य लॉगिन असते. बँकेसारखे 'फक्त पाहण्यापुरते' असे दुसरे लॉगिन तुम्ही स्वतः तयार करून कुणाला देऊ शकत नाही. त्याऐवजी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, ती म्हणजे जीएसटी प्रॅक्टिशनर. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ४८ आणि नियम ८३ याबद्दल आहेत. प्रॅक्टिशनरचे स्वतःचे युजरनेम आणि पासवर्ड असतात. तुम्ही त्याला तुमच्या खात्यासाठी नेमता आणि तो त्याच्या लॉगिनमधून तुमचे काम उघडतो. तुमचा पासवर्ड त्याला कधी कळतच नाही.

म्हणून नव्या अकाउंटंटना पहिला प्रश्न हा विचारा, 'तुमचा जीएसटीपी एनरोलमेंट नंबर काय?' नंबर मिळाला तर पोर्टलवरच्या `Locate GST Practitioner (GSTP)` मध्ये टाकून नाव जुळते का ते पाहा. मग तुमच्या लॉगिनमधून `Services > User Services > Engage / Disengage GST Practitioner (GSTP)` उघडा, त्यांना शोधा आणि नेमणूक पक्की करा. त्यांना विनंती जाते, ते त्यांच्या लॉगिनमधून ती स्वीकारतात, आणि तिथून पुढे त्यांच्या यादीत तुमचे नाव दिसायला लागते.

या नेमणुकीचा फॉर्म म्हणजे पीसीटी-०५. 'मर्यादित' या तुमच्या शब्दाचे उत्तर त्यात आहे. नियम सांगतो की प्रॅक्टिशनरला फॉर्ममध्ये दाखवलेली कामे, आणि तीही नेमणूक चालू असेपर्यंतच, करता येतात. विक्रीचा तपशील भरणे, रिटर्न भरणे, रोख खात्यात भरणा करणे, रिफंड मागणे, नोंदणीत दुरुस्ती करणे किंवा ती रद्द करणे, ई-वे बिलाची माहिती देणे, कंपोझिशनचा अर्ज करणे, अशी ही कामे आहेत. काजूगराच्या दुकानाला महिन्याच्या कामासाठी यातली पहिली तीन पुरतात. रिफंड आणि नोंदणीतली दुरुस्ती गरज पडेल तेव्हा द्या.

समजा तुम्ही तेही दिलेत, तरी एक कुलूप कायद्यानेच लावून ठेवले आहे. रिफंड, नोंदणीतला बदल, नोंदणी रद्द करणे आणि कंपोझिशन या चारांपैकी कुठलाही अर्ज प्रॅक्टिशनरने केला, तर तो तुम्हाला पोर्टलवर दाखवला जातो आणि तुम्ही संमती देईपर्यंत पुढे सरकत नाही. पासवर्ड हातात असलेल्या माणसाच्या बाबतीत हे कुलूपच नसते, कारण पोर्टलला तो माणूस म्हणजे तुम्हीच वाटता. पासवर्ड देणे आणि नेमणूक करणे यातला खरा फरक मला इथे दिसतो. नेमणुकीत कुणी काय केले याची नोंद त्याच्या नावावर राहते. पासवर्ड दिलात की सगळे तुमच्याच नावावर.

तरीही एका बाबतीत गैरसमज नको. रिटर्नमधल्या आकड्यांची जबाबदारी नेमणुकीने हलत नाही. कलम ४८ स्पष्ट सांगते की प्रॅक्टिशनरने भरले तरी मजकूर बरोबर असण्याची जबाबदारी नोंदणी असलेल्या धंद्याचीच. आणि नियम ८३ म्हणतो की रिटर्न पक्के करण्याआधी तुम्ही ते खरे आणि बरोबर आहे याची खात्री करायची. त्यामुळे पुढच्या कामाची पद्धत ठरवून घ्या. मी माझ्या गिऱ्हाइकांशी कशी ठेवतो ते तुमच्या दुकानाच्या उदाहरणाने दाखवतो.

तुमची उलाढाल पाच कोटींच्या आत आहे आणि तुम्ही तिमाही रिटर्न भरता असे धरू. जुलै ते सप्टेंबरची तिमाही घ्या. जीएसटीआर-१ ची तारीख १३ ऑक्टोबर, १४ तारखेला खरेदीवरच्या क्रेडिटची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, तयार होते, आणि गोव्यासाठी ३बी ची तारीख २२ ऑक्टोबर. उत्तरेकडच्या काही राज्यांना २४ असते, ती आपली नव्हे. अकाउंटंटने ३बी तयार करून सेव्ह केली की लगेच भरायची नाही. तिची पीडीएफ तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि तुम्ही तीन आकडे पाहायचे.

तिमाहीची विक्री कर सोडून २४ लाख आहे. त्यातली १५ लाखांची गोव्यात आणि ९ लाखांची सावंतवाडी आणि बेळगावला पाठवलेली. ५ टक्क्यांनी गोव्यातल्या विक्रीवर सीजीएसटी ३७,५०० आणि एसजीएसटी ३७,५००. बाहेरच्या ९ लाखांवर आयजीएसटी ४५,०००. एकूण १,२०,०००. पीडीएफमध्ये आयजीएसटीच्या रकान्यात ४५,००० दिसतात का, हे पहिले पाहा. सावंतवाडी आपल्याला शेजारची वाटते, सकाळी जाऊन दुपारी परत येता येते, पण ती महाराष्ट्रात आहे. ही बिले लोकल समजून टाकण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. ओळखायला सोपे आहे. गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर ३० ने सुरू झाला तर गोवा, २७ ने झाला तर महाराष्ट्र, २९ ने झाला तर कर्नाटक. दुसरा आकडा खरेदीवरच्या क्रेडिटचा. २बी मध्ये ८४,००० दिसत असतील आणि रिटर्नमध्ये ९१,००० घेतले असतील, तर फरक कुठला ते विचारा. तिसरा आकडा भरायच्या रकमेचा. १,२०,००० मधून ८४,००० वजा केले की ३६,००० राहतात. पहिल्या दोन महिन्यांत १२,०००-१२,००० भरलेत, तर आता १२,००० भरायचे. तिन्ही जुळले की 'भरा' असा मेसेज पाठवा. तो मेसेज जपून ठेवा, उद्या काही वाद झाला तर दोघांनाही उपयोगी पडतो.

पैसे भरण्यासाठीही अकाउंटंटला बँकेचा पासवर्ड लागत नाही. तो चलन तयार करेल आणि सीपीआयएन नंबर तुम्हाला देईल. त्या नंबरवर तुम्ही स्वतःच्या नेटबँकिंगमधून भरा. चलन १५ दिवस चालते, त्यामुळे आजच धावपळ करायला हवी असेही नाही.

आता अकाउंटंट म्हणाले की 'मी जीएसटीपी नाही', तर? आपल्याकडे पुष्कळ चांगले, अनुभवी अकाउंटंट बी.कॉम. आहेत आणि त्यांनी कधी एनरोलमेंट घेतलेले नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पीसीटी-०१ हा अर्ज करून ते घेता येते. पोर्टलवर नव्या नोंदणीच्या पानावर `I am a` या यादीत `GST Practitioner` निवडले की अर्ज उघडतो. त्यांना तो करायला सांगा आणि तोवर खाते अजिबात न उघडता काम करा. ते तुमची बिले सरकारी ऑफलाइन टूलमध्ये भरून जेएसओएन फाइल तयार करतील. तुम्ही लॉगिन करून `Returns Dashboard` वर जीएसटीआर-१ च्या चौकोनातले `Prepare Offline` दाबून ती फाइल चढवा. २बी ची एक्सेल तुम्ही उतरवून त्यांना पाठवा. एकदा हात बसला की तिमाहीला अर्धा तास पुरतो. वय झालेले दुकानदारही हे करतात, मी स्वतः शेजारी बसून शिकवले आहे.

काही अकाउंटंट म्हणतील, 'माझे सॉफ्टवेअर थेट पोर्टलला जोडते, म्हणून पासवर्ड लागतो.' तसे नसते. सॉफ्टवेअर युजरनेम आणि ओटीपीवर जोडले जाते. तुमच्या `My Profile` मध्ये `Manage API Access` म्हणून पान आहे. तिथे `Yes` करून मुदत निवडायची, सहा तासांपासून तीस दिवसांपर्यंत. सहा तास निवडा, ओटीपी फोनवर सांगा, सहा तासांनी दार आपोआप बंद. ओटीपी सांगताना तो एसएमएस कशासाठी आलाय ते आधी वाचा. रिटर्न भरायचा ओटीपी आणि सॉफ्टवेअर जोडायचा ओटीपी वेगळे असतात.

आता दुकानातला मुलगा. त्याच्यासाठी खरेखुरे मर्यादित लॉगिन आहे, कारण ई-वे बिलाचे पोर्टल वेगळे आहे आणि तिथे सब-युजर करता येतात. `ewaybillgst.gov.in` वर तुमच्या मुख्य लॉगिनने जा आणि `User Management` मध्ये `Create Sub User` निवडा. त्याचा मोबाइल, नाव आणि हुद्दा भरा. तुमच्या युजरनेमला एखादे शेपूट जोडून त्याचे युजरनेम बनते. खाली त्याला काय करता येईल याच्या खुणा असतात. ई-वे बिल काढण्याची खूण ठेवा. दुसऱ्यांनी तुमच्या नावाने काढलेली बिले नाकारणे आणि रिपोर्ट पाहणे या खुणा काढा. तुमचे दुसरे गोदाम नोंदलेले असेल तर कुठल्या जागेसाठी, तेही ठरवता येते.

१ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांना लॉगिनला पासवर्डशिवाय ओटीपीही लागतो, आणि सब-युजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर जातो. आज तुमच्याच लॉगिनने काम चालत असेल, तर संध्याकाळी टेम्पो भरून उभा आणि ओटीपीसाठी मुलगा तुम्हाला फोन लावतोय, हे तुम्हीही पाहिले असेल. सब-युजर केला की तो प्रश्न उरत नाही. मुलगा चवथीला गावी गेला किंवा काम सोडून गेला, तर त्याच पानावरून त्याचे लॉगिन गोठवता येते. तुमचा पासवर्ड बदलायची वेळ येत नाही.

इन्कम टॅक्सचे पोर्टल या सगळ्यापासून स्वतंत्र आहे. तुमचे ऑडिट होत असेल तर तिथे `Authorised Partners` मध्ये `My Chartered Accountant` आहे. सीएंचा मेंबरशिप नंबर टाकून त्यांना जोडायचे आणि लागेल तो फॉर्म, लागेल त्या वर्षापुरता द्यायचा. ते त्यांच्या लॉगिनमधून रिपोर्ट चढवतात आणि तो तुमच्या `Worklist` मध्ये येतो. तुम्ही मान्य केल्याशिवाय तो दाखल होत नाही.

धंदा कंपनी किंवा एलएलपी असेल, तर अजून एक वस्तू आठवा. सहीची डीएससी, म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा टोकन, बऱ्याचदा अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो आणि पिन त्यावरच चिकटवलेला असतो. तो घरी आणा. ती तुमची सही आहे.

काम सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा स्वतः लॉगिन करा. वरच्या कोपऱ्यात तुमच्या नावाखाली मागच्या लॉगिनची तारीख आणि वेळ दिसते. तुम्ही त्या वेळी बसला नव्हता, तर कुणीतरी अजून पासवर्ड वापरतोय. मग `Services > User Services` मधली `View Notices and Orders` आणि `View Additional Notices/Orders` ही दोन्ही पाने उघडा. दोन्ही, कारण काही नोटिसा एकात दिसतात, काही दुसऱ्यात, आणि पहिले पान रिकामे पाहून लोक निर्धास्त होतात. नोटिशीत उत्तराची मुदत लिहिलेली असते. तिचा फोटो काढून त्याच दिवशी अकाउंटंटना पाठवा. त्यांना तुमच्या वतीने अधिकाऱ्यासमोर जायचे असेल तर पीसीटी-०५ ची प्रत सोबत लागते, ती त्यांच्याकडे आधीच देऊन ठेवा.

हे सगळे कधी करावे? चालू तिमाहीची ३बी भरून झाली की दुसऱ्या दिवशी. २० तारखेला पासवर्ड बदलून २२ ला रिटर्न अडकवू नका. आधीच्या अकाउंटंटकडून तोवर तीन वर्षांच्या खरेदी-विक्रीची एक्सेल आणि टॅलीचा बॅकअप मागून घ्या. भरलेली रिटर्ने तुमच्या लॉगिनमधून उतरवता येतात, पण त्यांच्यामागची बिलांची जुळवणी फक्त त्यांच्याकडे असते. ते पूर्वी प्रॅक्टिशनर म्हणून नेमलेले असतील तर नेमले त्याच पानावरून त्यांची नेमणूक काढा आणि मगच नव्यांना विनंती पाठवा.